लाइन विरुद्ध स्टाफ : टार्गेट आमचं आणि 'नाही' म्हणायचा हक्क त्यांचा?

शिफ्टवाला
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, काल रिव्ह्यू मीटिंगमध्ये जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

मी मशीनिंग सेक्शन बघतो, मंजूर संख्या २६ ऑपरेटर. दीड महिन्यात चार जण सोडून गेले. चार माणसं मागायचा फॉर्म टाकला. एचआर म्हणाले फायनान्सची संमती आणा. फायनान्स म्हणाले तिमाही संपेपर्यंत भरती गोठवलेली आहे, कारण लिहून द्या. लिहून दिलं तर 'कारण पुरेसं नाही' म्हणून परत आलं. असं करत ११ आठवडे गेले. तोवर उरलेल्या २२ जणांना ओव्हरटाइमला थांबवून काम रेटलं, माणसं थकली, रिजेक्शन २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेलं.

आता काल काय झालं बघा. एचआरच्या स्लाइडवर 'जागा भरायला लागलेले दिवस : १९', शेजारी हिरवा गोल. फायनान्सच्या स्लाइडवर मनुष्यबळ मर्यादेत, परत हिरवा गोल. आणि माझ्या स्लाइडवर ओव्हरटाइम लाल, रिजेक्शन लाल. साहेब माझ्याकडेच बघून विचारतात, सेक्शन हाताबाहेर का चाललंय. मी मनातल्या मनात मोजत बसलो की ११ आठवड्यांचे १९ दिवस झाले कसे. नंतर कळलं, त्यांचं घड्याळ फॉर्म मंजूर झाल्यावर सुरू होतं!

कागदोपत्री एचआर आणि फायनान्स दोघं 'सल्लागार' आहेत. हा कसला सल्ला, जो मी नाकारूच शकत नाही? तुमच्याकडे हे कसं चालतं?

निमूट
अगदी बरोबर बोललात. आमच्याकडेपण स्टाफवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, आम्ही लाइनवर उभे ते रविवारीसुद्धा. ओळखपत्राचा रंगपण वेगळा. यावर कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

सरळ_रेघ
@निमूट दादा, इथे स्टाफ म्हणजे पांढरपेशे आणि लाइन म्हणजे असेंब्ली लाइन असं नाहीये. ज्यांच्या हातून माल बनतो, विकला जातो ते लाइन. जे मदतनीस, म्हणजे एचआर, फायनान्स, लीगल वगैरे, ते स्टाफ. थोडक्यात एक कमावणारे, दुसरे खर्च करणारे.

आणि शिफ्टवाले, तुमच्या दुखण्यावर उपाय एकदम सोपा आहे. प्लांटमधले एचआर आणि फायनान्स दोघांनाही प्लांट हेडच्या हाताखाली द्या. अप्रेझल त्यांच्याकडे गेलं की दोन दिवसांत फॉर्म सुटतो का नाही बघा.

ताळेबंद
मी त्या हिरव्या गोलवाल्यांपैकी, म्हणजे प्लांट फायनान्स. त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

@सरळ_रेघ, तुमचा सोपा उपाय मी भोगलेला आहे. आधीच्या एका ठिकाणी मी पूर्णपणे प्लांट हेडच्या हाताखाली होतो. तिमाहीचा शेवटचा दिवस, रात्रीचे साडेदहा. दोन ट्रक भरून गेटच्या आतच उभे, कारण वाहतूकदाराचे कागद आले नव्हते. मला सांगण्यात आलं की आज विक्री दाखवून टाका, सकाळी निघणारच आहेत. आमच्या करारात माल गेटबाहेर पडल्याशिवाय विक्री धरता येत नव्हती. मी नाही म्हणालो, आणि त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये 'टीम स्पिरिट कमी' असं लिहून आलं. तर ज्याच्या हातात माझी बढती, त्यालाच मी नाही म्हणायचं, हे एखाद्या वेळी जमतं, दर तिमाहीला नाही जमत. म्हणून आमची मुख्य रिपोर्टिंग वर फायनान्सच्या साहेबांकडे असते आणि प्लांट हेडकडे तुटक रेघ.

@शिफ्टवाला, गोठवण्यामागेपण कारण असतं हो. ओव्हरटाइम उद्या बंद करता येतो, माणूस नाही. तातडीने सहा माणसं हवीत म्हणून भरायची, तीन महिन्यांनी ऑर्डर गळाली की त्या सहांचं करायचं काय, हे तेव्हा कोणी विचारत नाही. तुम्ही हिशोब मांडलात का, की नुसतं 'अर्जंट' लिहिलंत?

शिफ्टवाला
मांडला होता की. इथेपण मांडतो, पैशात नको, पगाराच्या तासांत सांगतो.

चार माणसं, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १९२ तास कमी पडले. त्यातले १५० तास ओव्हरटाइमने भरून काढले, उरलेले ४२ बुडालेच. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १५० तासांना ३०० तासांचा पगार. चौघं असते तर १९२ तास, वर रजा, फंड, बोनस असं सगळं धरून साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६४. झाले २५६. जागा रिकामी ठेवून आम्ही आठवड्याला ४४ तासांचा पगार जास्त दिला आणि वर ४२ तासांचं काम कमी झालं. रिजेक्शन अजून धरलेलंच नाही. मग वाचवलं काय?

ताळेबंद
गणित बरोबर आहे, फक्त नवीन माणसाचे पहिले पाच-सहा आठवडे धरलेले नाहीत. तेव्हा तो अर्धंच काम देतो आणि शिकवणाऱ्याचाही वेळ खातो. ते धरलं तर पहिल्या दोन महिन्यांत तुमचे ४४ तास जवळजवळ पुसले जातील. पण त्यानंतर मात्र तुमचंच खरं, दुप्पट दराचा ओव्हरटाइम कायमचा परवडत नाही, हे मान्य.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो. ओव्हरटाइम तुमच्या खर्चाच्या शीर्षात पडतो, मनुष्यबळाची संख्या माझ्या शीटवर असते. मी तुमचा फॉर्म अडवला की माझं शीट सुधारतं आणि तुमचं बिघडतं. हे आम्हाला कळत नाही असं नाही.

मुक्ता_के
एचआर आली बरं का, दगड जपून मारा.

शिफ्टवाले दादा, १९ दिवसांचं जे सांगितलंत ते खरं आहे आणि मला त्याची लाजच वाटते. घड्याळ मंजुरीनंतर सुरू करायचं कारण असं की मंजुरी आमच्या हातात नसते, मग तो उशीर आमच्या नावावर का? तर्क ठीक आहे, पण परिणाम असा की तो मधला उशीर कोणाच्याच नावावर पडत नाही.

पण मला एक विचारायचंय, रागवू नका. चौघांपैकी पहिल्याने राजीनामा दिला ती तारीख आणि तुम्ही फॉर्म भरला ती तारीख, यात अंतर किती होतं?

दुसरी गोष्ट, आम्ही 'नाही' म्हणतो ते दर वेळी फॉर्मसाठी नसतं. मागच्या वर्षी एका सुपरवायझरने भांडणाच्या भरात ऑपरेटरला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. नोटीस नाही, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, चौकशी नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याला परत कामावर घ्यायला लावलं. तर पूर्ण शॉपवर झालं की एचआर कामगारांच्या बाजूचं आहे, आमची इज्जत काढली. तेच प्रकरण कामगार न्यायालयात गेलं असतं तर त्या सुपरवायझरला कोणी विचारलंही नसतं, उत्तर द्यायला मीच उभी राहिले असते. म्हणजे जबाबदारी फक्त लाइनची हे पूर्ण खरं नाही हो.

शिफ्टवाला
मुक्ताताई, पकडलंत. पहिल्या दोघांच्या वेळी मी नऊ दिवस फॉर्म भरलाच नव्हता. एक जण परत येतो म्हणाला होता, त्याची वाट बघत बसलो. पण ११ आठवड्यांतले नऊ दिवस माझे, बाकीचे कोणाचे?

जुना_खेळाडू
वाचत होतो, आता राहवत नाही. दहा वर्षं उत्पादन, मग सात वर्षं एचआर, मग प्लांट हेड म्हणून निवृत्त. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाहीये.

आधी सरळ_रेघ यांचं अर्धं बरोबर, अर्धं नाही. लाइन-स्टाफ हे खात्याच्या पाटीवर लिहिलेलं नसतं, ते दोघांमधलं नातं असतं. एचआरचा प्रमुख आपल्या खात्यातल्या दहा जणांसाठी लाइन बॉसच असतो. ऑडिट फर्ममध्ये हिशोब तपासणं हेच उत्पादन, तिथे अकाउंटंट लाइन झाला. आणि 'कमावणारे विरुद्ध खर्च करणारे' ही भाषा वापरलीत की भांडण तिथेच सुरू होतं.

आता मूळ मुद्दा. शिफ्टवाले विचारतात की हा कसला सल्ला. तर तो सल्ला नाहीच आहे, आणि ते कोणी स्पष्ट म्हणत नाही हीच गोची. सल्लागार खात्याची ताकद वेगवेगळ्या पायऱ्यांवर असते. एक, विचारलं तर सांगायचं, ऐकलं नाही तरी चालेल. दोन, विचारणं सक्तीचं, पण ठरवायचं तुम्हीच. तीन, दोघांची सही लागते, एकाने हात आखडला की काम थांबलं. आणि चार, एका ठराविक विषयात त्यांचाच हुकूम चालतो, म्हणजे हिशोब कसे ठेवायचे, कामावरून काढायची प्रक्रिया कशी. तुमच्याकडे संघटनेच्या तक्त्यावर पहिली पायरी काढलेली आहे आणि भरतीच्या वेळी चालते ती तिसरी. तिसरी पायरी वाईट नसते हो, पण ती चोरपावलांनी आली की वाईट. एका वर्षी कोणीतरी खर्च आवरा म्हणून मेल पाठवतो, फायनान्सची सही 'तात्पुरती' लागू होते, आणि पाच वर्षांनी ती का लागू झाली हे कोणालाच आठवत नाही.

मुक्ता, तुमचं कामावरून काढायचं प्रकरण चौथ्या पायरीचं, तिथे तुम्ही बरोबर. त्याच तोऱ्यात एचआरने मला कोणाला कुठल्या मशीनवर लावायचं ते सांगितलं, की मी पाठवून दिलं असतं परत.

सरळ_रेघ
पण काका, हे सगळं शेवटी इगोवर येतं ना? शॉपवर वीस वर्षं घालवलेल्याला कालचा एमबीए शिकवायला आला की डोकं फिरणारच.

जुना_खेळाडू
इगो असतोच, पण तो येतो कुठून तेही बघा. मेल्व्हिल डाल्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० साली नेमकं यावरच लिहिलं होतं, तीन कारखान्यांत बघून. तुम्ही म्हणता तेच त्यालाही दिसलं, स्टाफवाले वयाने लहान, जास्त शिकलेले, लाइनवाले अनुभवी. पण त्याने पुढचं पाहिलं. स्टाफच्या पोराला स्वतःची किंमत सिद्ध करायची तर काहीतरी नवीन सुचवावंच लागतं, आणि प्रत्येक नवीन सूचनेत 'तू आजवर चुकत होतास' हे न बोलता आलेलंच असतं. वरून, त्या पोराची बढती शेवटी लाइनच्या मोठ्या साहेबांच्या मर्जीवर. मग काय होतं, काही जण भांडत बसतात आणि काही जण जुळवून घेतात, नियम मोडताना बघूनही न बघितल्यासारखं करतात. ताळेबंदांनी त्या रात्री ट्रक विकले असं लिहून टाकलं असतं तर ते 'टीम प्लेअर' झाले असते. म्हणून मला भांडण होतं याची तितकी काळजी वाटत नाही. जिथे लाइन आणि फायनान्स एकदम गोडीगुलाबीने राहतात तिथे मी आधी हिशोब बघायचो.

ताळेबंद
हे शेवटचं वाक्य प्रिंट काढून टेबलावर लावतो 😄

वाचनमात्र_नाही
अवांतर : टेलरने १९०३ साली याच्याही पुढचं सुचवलं होतं, एका कामगारावर आठ फोरमन, प्रत्येक जण आपापल्या विषयाचा. चार प्लॅनिंगच्या खोलीत, चार शॉपवर. फायोल या फ्रेंच गृहस्थाला ते पटलं नव्हतं, त्याचं म्हणणं एका माणसाला हुकूम एकाचाच हवा. शंभर वर्षं झाली, अजून तेच चालू आहे. आता आठ फोरमनच्या जागी आठ व्हॉट्सॅप ग्रुप.

शिफ्टवाला
काका, इतिहास मस्त, पण सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी करू काय? साहेबांना जाऊन म्हणू का की आमची तिसरी पायरी चुकली?

जुना_खेळाडू
तसं म्हणू नका, हिशोब घेऊन जा. आम्ही काय केलं आणि काय फसलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे सुटलेल्या माणसाची जागा आणि नवीन पद हे दोन वेगळे फॉर्म केले. मंजूर संख्या २६ आहे आणि माझ्याकडे २२ आहेत, तर २६ पर्यंत भरणं माझा निर्णय, फायनान्सला फक्त कळवायचं. सत्ताविसावा हवा असेल तर त्यांची सही. ज्या खर्चाला एकदा बजेटमध्ये हो म्हणालात त्याला परत परत हो का म्हणायचं? ऑर्डरच कमी झाल्या असं फायनान्सला वाटत असेल तर त्यांनी मंजूर संख्याच कमी करून घ्यावी, उघडपणे, बैठकीत. फॉर्म दाबून नाही.

दुसरं, नवीन पदाच्या फॉर्मला पाच कामाचे दिवस. इथे आम्ही आधी चूक केली, ठेवलं असं की पाच दिवसांत उत्तर नाही तर मंजूर समजायचं. झालं काय, चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे फॉर्म 'अपूर्ण' शेरा मारून परत. कधी कॉस्ट सेंटरचा नंबर नाही, कधी सही निळ्या शाईत. परत पाठवला की घड्याळ शून्यावर. मग नियम बदलला. तारीख पहिल्यांदा दिलेलीच धरायची, परत पाठवायचा तर एकदाच आणि सगळ्या त्रुटी एकदम लिहून. आणि पाच दिवसांनी आपोआप मंजूर नाही, आपोआप माझ्या टेबलावर. दोघांनी येऊन पंधरा मिनिटं समोरासमोर बोलायचं. पहिल्या महिन्यात नऊ प्रकरणं आली, तिसऱ्या महिन्यात एक. साहेबासमोर बसून 'निळी शाई' म्हणायची हिंमत कोणाची होत नाही.

तिसरं मला जमलं नाही. ज्याने नाही म्हटलं त्याच्याच शीटवर त्या रिकाम्या जागेचा ओव्हरटाइम टाकायचा, असं माझ्या मनात होतं. फायनान्सने वरपर्यंत जाऊन हाणून पाडलं.

ताळेबंद
पाडणारच! कारण मग आम्ही कोणालाच नाही म्हणणार नाही, उगाच लफडं कशाला. तुम्हाला नाही म्हणणारा माणूस हवाय, आणि त्या 'नाही'चा दंडही त्यानेच भरावा, हे कसं जमेल? शीटवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा, भरतीतून वाचलेले आणि ओव्हरटाइममध्ये गेलेले. ते चालेल.

मुक्ता_के
माझ्या बाजूने भर. घड्याळं दोन ठेवली तर? एक राजीनाम्याच्या तारखेपासून, पूर्ण, तिघांच्याही नावावर. दुसरं मंजुरीपासून, फक्त आमचं. पहिल्यात शिफ्टवाल्यांचे नऊ दिवसपण दिसतील 🙂

शिफ्टवाला
दिसू देत ताई, मला चालेल.

गेज_नंबर_सात
क्वालिटीबद्दल कोणीच बोललं नाही. आम्हीपण कागदावर स्टाफच. मी लॉट अडवला की प्रॉडक्शनवाले हेच म्हणतात, टार्गेट आमचं आणि नकार तुमचा. आता तुमच्या नियमाने प्रकरण पंधरा मिनिटांच्या बैठकीत जाणार, समोर उत्पादनाचा मॅनेजर आणि प्लांट हेड, दोघांनाही डिस्पॅच हवाय. मी कसा टिकणार?

जुना_खेळाडू
भरती आणि सदोष माल एका मापात मोजायचे नाहीत. माणूस पाच दिवस उशिरा आला तर नुकसान होतं पण भरून काढता येतं, खराब लॉट ग्राहकाकडे गेला की परत आणता येत नाही. म्हणून अडवायचा हक्क क्वालिटीचा एकट्याचा, बैठक नाही. सोडायचा असेल तर प्लांट हेडने स्वतःच्या सहीने, कारण लिहून, ग्राहकाला कळवून.

गेज_नंबर_सात
आणि तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात दर वेळी ती सही झाली तर?

जुना_खेळाडू
मग क्वालिटीची रिपोर्टिंग प्लांटच्या बाहेर न्यावी लागते. आणि तसं केलं की ते लोक शॉपपासून तुटतात, शॉपवर काय चाललंय तेच त्यांना कळेनासं होतं. मी दोन्ही करून बघितलं, दोन्हींत पस्तावलो. कोणाला जमलं असेल तर लिहा.

निमूट
म्हणजे शनिवारच्या सुट्टीचं इथे नाही का कोणाला विचारायचं?

मुक्ता_के
निमूट दादा, वेगळा धागा काढा, मी उत्तर देते. नक्की.

शिफ्टवाला
तीन आठवड्यांनी अपडेट. काकांचा पहिला नियम साहेबांनी सहा महिन्यांसाठी मान्य केला, २६ पर्यंत भरायला फायनान्सची सही नाही. ताळेबंद म्हणाले तसे दोन आकडे शेजारी दाखवले, साहेब बराच वेळ त्या ३०० आणि २५६ कडे बघत बसले होते. शिकण्याचे आठवडे मीच आधी सांगून टाकले, नाहीतर आमच्या फायनान्सवाल्याने काढलेच असते. दोन माणसं रुजूही झाली.

पण नवीन भांडण सुरू झालंय. उरलेल्या दोन जागांपैकी एक सीनियर सेटरची होती. त्याच्या पगारात मला दोन ज्युनियर मिळतात आणि मला तेच हवेत. खर्च तेवढाच. मी म्हणतो ही रिकामी जागा भरणंच आहे. आमचे फायनान्सवाले म्हणतात नाही. ताळेबंद, तुम्ही सांगा.

ताळेबंद
एक जागा भरली, एक नवीन पद. २७ झाले. फॉर्म पाठवा, पाच दिवस लागतील.

शिफ्टवाला
🙏 निळ्या शाईत नाही पाठवणार.